पोटातच गेलेलं बाळ आणि गप्प बसलेलं घर

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं बाळ ३४व्या आठवड्यात पोटातच गेलं. दोन महिने झाले. तिला पुन्हा रडू येऊ नये म्हणून घरात कुणीच विषय काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं. पण ती दिवसेंदिवस आमच्यापासून लांबच जाते आहे. पुढच्या महिन्यात चुलत भावाच्या मुलीचं बारसं आहे, तिथे येणार नाही म्हणते. आई म्हणते, आता तिने सावरायला हवं. मी नणंद म्हणून काय करू?

उत्तर: आधी तो ठराव मोडा. तुम्ही तो मायेपोटी केलात यात शंका नाही. प्रसूती विभागात समुपदेशक म्हणून मी एकोणीस वर्षं काम करते आहे आणि जवळजवळ प्रत्येक घराने हाच ठराव केलेला पाहिला आहे. पण तुमच्या भावजयीला त्या गप्प बसण्यातून माया ऐकू येत नाही. तिला ऐकू येतं ते एवढंच, की या घराच्या लेखी काही झालेलंच नाही. तुम्ही विषय काढला म्हणून तिला आठवण येईल, ही भीतीही फोल आहे. ती विसरलेलीच नसते. तुमच्यासमोर तिला रडू येत नाही, कारण ती न्हाणीघरात नळ सोडून रडते.

माणूस गेलं की आपल्याकडे सगळं कसं ठरलेलं असतं. लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भात येतो, दहावं-तेरावं होतं, ‘शेवटी काय झालं हो?’ असं विचारलं जातं आणि सांगणारा तीच हकिगत पंचवीस वेळा सांगतो. त्या पंचवीस वेळा सांगण्यातच दुःखाला वाट मिळत असते. पोटातल्या बाळाच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाची वेगळी ओळख करून दिली: दुःख आहे, पण ते करण्याचा हक्क समाजाने दिलेला नाही. म्हणजे बाळ गेल्याचं दुःख आहेच, आणि वर आपण कुणासाठी रडतोय हे कुणाला पटत नाही याचं दुसरं दुःख.

यात अडचण अशी की बाकीच्या घराची त्या बाळाशी भेटच झालेली नसते. तुमच्यासाठी ते ‘होणार होतं’, तिच्यासाठी ते ‘होतं’. रात्री साडेदहाला लाथा मारायचं, थंड पाणी प्यायलं की वळायचं, डाव्या बरगडीखाली पाय रुतवायचं. हे तिला माहीत आहे, थोडंफार तुमच्या भावाला माहीत आहे, बाकी कुणालाच नाही. कुणी ओळखतच नसलेल्या माणसाचा शोक ती करते आहे.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या शास्त्राला ही जाण होती. पराशरस्मृतीत चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात आणि त्यापुढे प्रसूती, असे भेद करून सातव्या महिन्यापासून दहा दिवसांचं सूतक सांगितलं आहे. आजचा कायदाही २८ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची वेगळी नोंद करायला लावतो. नोंद ठेवायची राहते ती घराची.

आता ठराव मोडायचा कसा? सगळ्यांनी मिळून तिला समोर बसवून ‘बोल, मन मोकळं कर’ असं तर अजिबात करू नका. एकटीने जा. हातात काहीतरी काम असू दे, भाजी निवडणं किंवा कपड्यांच्या घड्या. समोरासमोर डोळ्यांत डोळे घालून बसण्यापेक्षा शेजारी बसून बोलणं सोपं जातं. आणि सरळ म्हणा: ‘दोन महिने मी बाळाबद्दल एक अक्षर काढलं नाही. तुला त्रास होईल असं वाटलं. चुकलं माझं. तुला सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचंय. आत्ता नको असेल तर नको.’ मग गप्प बसा. खरंच गप्प. ती ‘नको’ म्हणाली तर विषय सोडून द्या, पण आठ-दहा दिवसांनी एकदा पुन्हा दार किलकिलं करा. पहिल्या वेळचा ‘नको’ बहुतेकदा तुमची परीक्षा असतो, तुम्ही खरंच विचारताय की कर्तव्य उरकताय याची.

ती बोलू लागली तर तपशील विचारायला घाबरू नका. बाळ दिसायला कसं होतं, केस होते का, कुणासारखं वाटलं, नाव मनात होतं का. नाव ठेवलेलं असेल तर त्या नावाने बोला. मुलगा की मुलगी हे तिला सांगितलंय का, हेही पाहा. प्रसूतीनंतर ते सांगायला कायद्याची काहीच आडकाठी नाही, आडकाठी फक्त जन्माआधी असते. तरी कित्येक घरांत ‘मुलगा होता’ हे लपवलं जातं, तिला जास्त वाईट वाटेल म्हणून. आणि ‘मुलगीच होती ना’ असं म्हणून समजूत काढणारेही मी पाहिले आहेत. त्यावर मी काय बोलू?

दुसरं, तिच्या अंगावरून काय गेलं ते घरातल्यांना नीट माहीत आहे का? अनेक नातेवाइकांची समजूत असते की बाळ गेलं की डॉक्टर भूल देऊन ‘काढून टाकतात’. ३४व्या आठवड्याला तसं नसतं. काही वेगळं कारण नसेल तर पोट फाडत नाहीत, कारण त्याचा धोका आईला आणि पुढच्या गरोदरपणाला असतो. औषधं देऊन कळा आणतात. काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत कितीही वेळ लागतो. ती पूर्ण बाळंतीण झाली आहे, त्याच कळा सोसून. फरक एवढाच की शेवटी खोलीत शांतता होती आणि पलीकडच्या टेबलावरचं बाळ रडत होतं.

त्यानंतर शरीराला कुणी सांगत नाही की बाळ नाही. दोन-चार दिवसांत पान्हा येतो. या दुधाचं आधी कुणी बोललेलं नसतं आणि ओली झालेली चोळी पाहून बाई कोसळते. या टप्प्यावर असलेल्या कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते: पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं तर दूध थांबवण्याची गोळी देता येते. ती रक्तदाब वाढलेल्या किंवा आधी मानसिक आजाराचा झटका येऊन गेलेल्या बाईला सहसा देत नाहीत, म्हणून स्वतःहून आणायची नाही. गोळी नको असेल तर नीट बसणारी, आधार देणारी ब्रा, थंड शेक, आणि फारच ठणकलं तर ताण कमी होईल इतकंच थोडं दूध काढायचं. सगळं रिकामं केलं तर आणखी येतं. आणि माहेरहून प्रेमाने आलेली अळिवाची खीर, शतावरी, जे जे आपण दूध वाढावं म्हणून देतो ते, त्या दिवसांत तिच्या ताटात ठेवू नका. डिंकाचा लाडू, तेल लावणं, गरम पाण्याने अंघोळ, विश्रांती हे मात्र तिला हवंच. बाळ नाही म्हणून बाळंतपण झालंच नाही असं समजून तिसऱ्या दिवशी कणीक मळायला लावलेल्या बायका मला भेटल्या आहेत.

तुमची भावजय आता दोन महिन्यांवर आहे. रक्तस्राव थांबला असेल, दूध आटलं असेल. पण काहींना दुसऱ्याचं बाळ रडलं की अजूनही छातीत झिणझिणतं, थेंब येतो. काहींना पोटात लाथ मारल्यासारखं जाणवतं. ती हे कुणाला सांगत नाही, कारण आपल्याला वेड लागतंय असं तिला वाटतं. ते वेड नाही, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना तसं जाणवतं. तुम्ही एवढं जरी तिला सांगितलंत तरी तिच्या डोक्यावरचा एक मोठा दगड उतरेल.

आता एक घटना सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातलं जोडपं. पहिलं बाळ ३६व्या आठवड्यात पोटात गेलं. मुलगी होती. प्रसूती झाली, बाईला झोपेचं इंजेक्शन दिलं. ती झोपलेली असतानाच नवरा, सासरे आणि एक चुलते बाळाला घेऊन गावी गेले आणि संध्याकाळपर्यंत पुरून आले. तिला कुणी काही विचारलं नाही. बाळ तिला दाखवलं नाही, कारण ‘बघितलं तर डोळ्यांसमोरून जाणार नाही’. तिसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा सासूबाईंनी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला होता. झबली, कुंच्या, दुपटी, तिच्या आईने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं होतं. पाळणा माळ्यावर. आणि यातल्या एकाच्याही मनात वाईट हेतू नव्हता.

चार महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती झोप येत नाही म्हणून. रोज रात्री दोनच्या सुमारास उठून तो कप्पा उघडून बघायची. नवरा म्हणाला, ‘काय शोधतेस विचारलं तर बोलत नाही.’ मी दोघांना विचारलं, ‘बाळ कसं होतं?’ ती म्हणाली, ‘मला काय माहीत?’ आणि हा बापडा, चार महिने ऑफिसात जाऊन-येऊन असलेला, कुणासमोर न रडलेला, ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याने बघितलं होतं बाळाला. हातात धरून गाडीत बसला होता अडीच तास. दाट जावळ होतं, बोटं लांब होती, बायकोसारखी. त्याला कुणीतरी बजावलं होतं की हे तिला कधीही सांगू नकोस.

पाऊण तास ती एकेक प्रश्न विचारत होती. कशात गुंडाळलं होतं? तोंड झाकलं होतं का? कुठल्या बाजूला ठेवलं? गावाबाहेर ओढ्याच्या काठाला, करंजाच्या झाडाखाली. आजोबांनी वर मोठा दगड ठेवला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. या शेवटच्या वाक्यावर ती पहिल्यांदा रडली. कुणीतरी आपल्या लेकीची काळजी घेतली होती हे तिला चार महिन्यांनी कळत होतं.

तिला तिथे जायचं होतं. सासूबाईंचा विरोध: बायका जात नाहीत, पुढच्या वेळेला बाधतं. मी फोनवर त्यांच्याशी बोलले, फार उपयोग झाला नाही. शेवटी सासरेच म्हणाले, ‘मी नेतो तिला, बघू कोण काय म्हणतंय.’ ते तिघं पहाटे जाऊन आले. ती पंधरा-वीस मिनिटं नुसती बसली. गोधडी तिच्या नणंदेकडे गेली होती. नणंदेने ती परत आणून दिली. धुऊन, घडी घालून, एकही शब्द न बोलता. पुढच्या भेटीत बाई मला म्हणाली, ‘त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ती या घरातली होती.’

यानंतर सगळं ठीक झालं असं नाही. झोप नीट व्हायला आणखी दोन-तीन महिने गेले, नवऱ्याचं पिणं वाढलं होतं त्याचा वेगळा विचार करावा लागला. पण रात्री कप्पा उघडणं थांबलं.

ही गोष्ट इतकी लांबवून सांगितली, कारण माझ्या पहिल्या काही वर्षांत मीही घरच्यांना हाच सल्ला देत असे: तिला घरी आणण्याआधी बाळाचं सामान हलवा. तो सल्ला चुकीचा होता. काय ठेवायचं, काय द्यायचं, कधी द्यायचं हे तिने ठरवायचं. वर्षभर पेटी तशीच राहिली तरी बिघडत नाही. तुमच्याकडे असं काही हलवलं गेलं असेल तर कुठे गेलं ते शोधून काढा आणि एखादी तरी वस्तू परत आणा. भावाला एकट्याला गाठून बाळाला कुठे ठेवलं ते विचारून घ्या. तिला माहीत आहे का, तेही विचारा.

बाळ दाखवावं की नाही, याबद्दल खुद्द तज्ज्ञांचं मत फिरलेलं आहे. २००२ साली एका ब्रिटिश अभ्यासात बाळ हातात घेतलेल्या आयांना नंतर जास्त त्रास झालेला दिसला. पुढे स्वीडनमधल्या आणि इतर अभ्यासांत नेमकं उलट दिसलं, बहुतेक आयांना बाळ घेतल्याचा पश्चात्ताप नव्हता. आज आम्ही जबरदस्ती दोन्ही बाजूंनी करत नाही. आधी शब्दांत सांगतो की बाळ थंड असेल, ओठ गडद दिसतील, कातडी काही ठिकाणी सुटलेली असेल. मग विचारतो, आणि ‘नाही’ आलं तर काही तासांनी पुन्हा एकदा विचारतो. नवऱ्याच्या संमतीने एक फोटो किंवा पायाचा ठसा घेऊन कुणा नातेवाइकाने जपून ठेवावा. आज नको म्हणणारी आई सहा महिन्यांनी विचारते, ‘कुणी फोटो काढला होता का?’ तुमच्याकडे कुणाच्या मोबाइलमध्ये तसा फोटो असेल तर पुसू नका आणि न विचारता दाखवूही नका. ‘माझ्याकडे आहे, तुला हवा असेल तेव्हा सांग’, एवढं म्हणा.

आता आईंच्या ‘सावरायला हवं’बद्दल. त्यांच्या पिढीत असं दुःख गिळायचीच रीत होती. कदाचित त्यांनी स्वतः काही गिळलेलंही असेल, ते तुम्हाला माहीत नसेल. त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त काही वाक्यं घरातून हद्दपार करायला सांगा. ‘अजून वय आहे, पुढचं होईल’ हे ऐकून तिला वाटतं की बाळ म्हणजे फुटलेली बरणी, दुसरी आणली की झालं. ‘देवाने चांगल्यासाठीच केलं असेल’ यावर तर ती काय उत्तर देणार? आणि सगळ्यात खोल लागतात ते चौकशीच्या सुरातले प्रश्न. पपई खाल्ली होतीस का, स्कूटी चालवायची होतीस ना, ग्रहणात बाहेर पडली होतीस, डोहाळजेवणाचे फोटो सगळीकडे टाकले म्हणून दृष्ट लागली. इतक्या उशिरा बाळ जातं तेव्हा वार नीट काम न करणं, बाळाची वाढ खुंटणं, आईचा रक्तदाब किंवा साखर, संसर्ग, वार अचानक सुटणं, बाळातला जन्मजात दोष अशी कारणं असतात. आणि बऱ्याच वेळा सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. पपई आणि स्कूटी त्या यादीत नाहीत.

पण तिचा स्वतःचा आरोप वेगळाच असू शकतो. पुष्कळ आया मनात एकच गोष्ट धरून बसतात: ‘आदल्या दिवशी हालचाल कमी वाटत होती, मी सांगितलं नाही.’ यावर घाईघाईने ‘छे, तुझी काही चूक नाही’ म्हणू नका. तिला ते तोंड बंद करण्यासारखं वाटतं. आधी तिला तो दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत पूर्ण सांगू द्या. मग विचारा, हे आपण डॉक्टरांना विचारायचं का? प्रसूतीनंतर साधारण सहा आठवड्यांनी डॉक्टरांशी एक निवांत भेट व्हायला हवी. त्यात वारेचा तपासणी अहवाल, रक्ताच्या तपासण्या, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं हे सगळं बोलायचं असतं. ती झाली नसेल तर तुम्ही वेळ घ्या. प्रश्न आधी कागदावर लिहा, सोबत जा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घ्या. त्या खोलीत तिच्या कानांत निम्मंच शिरणार आहे.

तुमच्या भावाला कुणी विचारलं का? त्याला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘ती कशी आहे?’ त्याने सह्या केल्या, बाळ उचललं, बिल भरलं, चौथ्या दिवशी कामावर गेला. बापाचं दुःख बहुतेकदा बोलण्यातून बाहेर येत नाही. ते चिडचिडीतून, उशिरापर्यंत ऑफिसात बसण्यातून, कधी बाटलीतून येतं. मग बायकोला वाटतं, याला काहीच वाटत नाही, आणि त्याला वाटतं, मी रडलो तर ही मोडून पडेल. बहीण म्हणून तिथे तुमच्याइतकं जवळचं कुणी नाही. त्याला गाडीवर मागे बसवून चहाला घेऊन जा आणि ‘तू कसा आहेस?’ एवढंच विचारा.

पैशाअडक्याची एक गोष्ट थोडक्यात. भावजय नोकरी करत असेल तर ‘बाळ नाही, मग रजा कसली?’ हे ऐकून घेऊ नका. मातृत्व रजेच्या कायद्यात ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं. त्यामुळे ३४ आठवड्यांच्या प्रसूतीनंतर नेहमीच्या अटींवर पूर्ण प्रसूती रजा मिळते, दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर २६ आठवडे. गर्भ २६व्या आठवड्यापर्यंत पडला तर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तिला कचेरीशी भांडायची ताकद नसेल, ते पत्र तुम्ही लिहून द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ गेलेल्यांचंही दुःख लहान समजू नका. पोट दिसत नव्हतं, बातमी कुणाला सांगितली नव्हती, त्यामुळे तिथे तर साक्षीदारच नसतो. लंडनमधल्या २०२०च्या एका अभ्यासात, लवकर गर्भ गेलेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांना एका महिन्यानंतर आणि १८ टक्क्यांना नऊ महिन्यांनंतरही आघातोत्तर ताणाची लक्षणं होती. अशा बायकांच्या कागदांवर डॉक्टर वैद्यकीय शब्द म्हणून ‘अबॉर्शन’ लिहितात. तो वाचून ‘मी काही पाडलं नाही हो’ म्हणत रडणारी बाई मी महिन्यातून एकदा तरी पाहते. घरच्यांनी तो शब्द उच्चारू नये. ‘बाळ राहिलं नाही’ म्हणा.

दुःख आणि आजार यांतला फरक कसा ओळखायचा? दोन महिन्यांवर रोज रडू येणं, लोकांत जावंसं न वाटणं, गरोदर बाई दिसली की रस्ता बदलणं, हे दुःखातच येतं. दुःख लाटांसारखं असतं, मध्ये एखादा तास ती मालिका बघते, कशावर तरी हसते आणि मग हसल्याचं तिला अपराधी वाटतं. नैराश्यात तो मधला तास नसतो. सलग दोन आठवडे सगळंच करडं, खाणं-अंघोळ सुटलेली, दमून गेली तरी झोप नाही, ‘मीच मारलं’ हा विचार कशानेही न हलणारा, अशी अवस्था असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. तिथे बहुधा एडिनबरो नावाची दहा प्रश्नांची यादी भरून घेतील. ३० पैकी १३ किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासतात. पण ताज्या दुःखात हे गुण तसेही वाढतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कुणी तिला आजारी ठरवू नये. ‘बाळाकडे जावंसं वाटतं’ असं ती म्हणाली तर थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, असलेला बाहेर येतो. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाई झोपतच नसेल, असंबद्ध बोलत असेल, कुणाचे आवाज ऐकू येतात म्हणत असेल तर ती वेळ रुग्णालयाची असते, समजुतीची नाही.

आता बारसं. ती येणार नाही म्हणते तर येऊ देऊ नका असं मी म्हणत नाही, पण तिला यायला लावू नका. बाळाचं रडणं, पाळणा, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’, आणि कोपऱ्यात कुजबुजणाऱ्या चार बायका. तीन महिन्यांची बाळंतीण तिथे काय करेल? ती मनाने कोती झाली आहे असा अर्थ कुणी काढला तर तुम्ही तिथेच थांबवा. उलट बाजूही आहे, आणि ती जास्त दुखावते: अशी बाई शुभकार्यात नको म्हणून तिला आमंत्रणच न देणं, किंवा दिलं तरी ओटी भरायला पुढे न बोलावणं. म्हणून आमंत्रण तिला वेगळं, स्वतंत्र गेलं पाहिजे आणि त्यात सुटकेची वाटही हवी. चुलत वहिनीला सांगा, असं काहीतरी लिही: ‘तुझी आठवण आहे. बारशाला आलीस तर मला बरं वाटेल, नाही आलीस तर मला पूर्ण समजेल. बाळाला बघायला तुला वाटेल तेव्हा, एकटी ये, सहा महिन्यांनी आलीस तरी चालेल.’

ती ऐनवेळी येते म्हणाली तर तुम्ही तिच्या शेजारी बसा, गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा, आणि ‘निघूया’ याची एक खूण आधीच ठरवून घ्या. आली नाही तर त्या दिवशी घरात तिच्यासोबत कोण राहणार ते आत्ताच ठरवा. तिला विचारून ठरवा, कदाचित तिला कुणीच नको असेल.

आणि तिची प्रसूतीची दिलेली तारीख कोणती होती ते भावाला विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. ३४व्या आठवड्यात बाळ गेलं आणि दोन महिने झाले, म्हणजे ती तारीख नुकतीच होऊन गेली आहे. तुमच्या घरात त्या दिवशी कुणी काही बोललं नसणार, पण तिने तो दिवस मोजला आहे. आज संध्याकाळी भाजी निवडायला बसाल तेव्हा तिथूनच सुरुवात करा: ‘मागच्या महिन्यातली ती तारीख मला आठवली नाही गं. तू काय केलंस त्या दिवशी?’